पन्नाच्या चिखलातून मुंबई हायच्या माथ्यावर

नागपूरच्या विद्यार्थ्याला जमिनीतलं इंधन म्हटलं की आधी कोळसा आठवतो, आणि ते रास्तच आहे. कामठी, सिल्लेवाडा, उमरेड या खाणी शहरापासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालयही नागपुरातच आहे. उमरेडच्या खाणीच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं की गोंडवना काळातल्या वाळूखडकांच्या मध्ये काळा पट्टा दिसतो. २५ कोटी वर्षांहून जुन्या दलदलीत पडलेली झाडं तिथे दबली आणि कोळसा झाली. कोळशाचा जन्म जिथे झाला तिथेच तो सापडतो. त्यामुळे खाणीत शिकलेला माणूस तेलाबद्दलही तसाच विचार करू लागतो, आणि पहिली चूक तिथेच होते. तेल जिथे सापडतं तिथे ते बहुधा जन्मलेलं नसतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरचं मुंबई हाय हे याचं उत्तम उदाहरण आहे. साठच्या दशकात सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने केलेल्या भूकंपलहरींच्या मोजणीत समुद्रतळाखाली एक प्रचंड उंचवटा दिसला. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगने तिथे तेल गाठलं आणि १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर दूर, सुमारे ७५ मीटर पाण्यात. मुख्य साठा आहे एल-तीन नावाच्या चुनखडकात, समुद्रतळापासून जेमतेम सव्वा-दीड किलोमीटर खाली. हा चुनखडक मायोसीन काळातला, म्हणजे साधारण दीड-दोन कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातलं तेल मात्र तिथल्या शंखशिंपल्यांचं नाही. ते आलं आहे पन्ना नावाच्या, साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासच्या गाळखडकातून. हा गाळखडक त्याच्या बराच खाली आणि बराच बाजूला आहे. तेलाचा हा प्रवास समजला की पेट्रोलियम भूविज्ञानाचा मोठा भाग समजतो, म्हणून हे प्रकरण त्या एकाच प्रवासाबद्दल आहे.

सुरुवात लाव्हापासून करावी लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हा पसरले. नागपुरातली सीताबर्डीची टेकडी त्याच लाव्हाच्या पूर्व कडेवरची आहे. त्याच सुमारास पश्चिमेला भारताचा किनारा ताणला जाऊन फाटत होता आणि सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटत होता. ताणलेल्या कवचाचे लांबट तुकडे पडले. काही खचून खोलगट झाले, काही वरच राहिले. सुरतसमोरचा खोलगट भाग, मुंबई हायच्या भोवतीचे इतर खोल पट्टे, हे सगळे खचलेले तुकडे. मुंबई हाय हा वर राहिलेला तुकडा. त्याच्या पायाशी दख्खनचा बेसाल्ट आहे आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट व नाइस.

खोलगट भागांत नद्यांचा गाळ साचू लागला. किनाऱ्यालगतचे खाजण, दलदली, उथळ खाड्या यांत झाडांची पानं, फांद्या, साल, परागकण आणि पाण्यातलं शेवाळ चिखलात गाडलं गेलं. तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असेल तर हे सगळं कुजून नाहीसं होत नाही. प्राणवायू भरपूर असेल तर जिवाणू ते खाऊन टाकतात आणि तेलाची गोष्ट तिथेच संपते. म्हणून मातृखडक बहुतेक वेळा गडद, बारीक कणांचा शेल असतो. पन्नाचा शेल तसाच आहे आणि त्यात कोळशाचे पातळ पट्टेही आहेत.

इथे पाठ्यपुस्तकातल्या एका सोप्या नियमाला जपून घ्यावं लागतं. गाळातल्या सेंद्रिय पदार्थाला केरोजेन म्हणतात आणि त्याचे ढोबळ तीन प्रकार शिकवले जातात: तळ्यातल्या शेवाळाचा पहिला, समुद्री सूक्ष्मजीवांचा दुसरा, जमिनीवरच्या वनस्पतींचा तिसरा. पहिले दोन तेल देतात आणि तिसरा वायू, असं परीक्षेत लिहून गुण मिळतात. पन्नामध्ये जमिनीवरच्या वनस्पतींचा वाटा मोठा आहे, तरीही त्यातून भारतातलं सर्वांत मोठं समुद्री तेलक्षेत्र भरलं. लाकडाच्या तंतूंतून तेल फारसं निघत नाही हे खरं, पण पानांवरचं मेणचट आवरण, बीजाणू आणि राळ यांत हायड्रोजन भरपूर असतो, आणि तेलासाठी तो लागतो. मुंबई हायच्या कच्च्या तेलात मेण भरपूर असतं, त्यामुळे ते थंड झालं की लवकर घट्ट होतं. झाडांच्या पानांवरचं हे मेण त्याच्या जन्माची खूण आहे. केरोजेनचा प्रकार हे नुसतं लेबल आहे, खरा प्रश्न हायड्रोजन किती हा आहे, असं माझं मत आहे.

प्रयोगशाळेत हे कसं कळतं? खडकाचा बारीक भुगा रॉक-इव्हल यंत्रात हळूहळू तापवतात. सुमारे ३०० अंशांपर्यंत जे बाहेर पडतं ते आधीच तयार झालेलं तेल, त्याला S1 म्हणतात. पुढे तापवल्यावर केरोजेन मोडून जे निघतं ते S2, म्हणजे खडकात अजून शिल्लक असलेली क्षमता. S2 ज्या तापमानाला सर्वांत जास्त निघतं ते Tmax. हे ४३५ अंशांच्या खाली असेल तर खडक कच्चा, ४३५ ते ४७० च्या दरम्यान असेल तर तेलाच्या टप्प्यात. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली व्हिट्रिनाइटचे कण किती प्रकाश परावर्तित करतात ते पाहतात. ०.६ टक्क्यांपासून साधारण १.३ टक्क्यांपर्यंत तेलाचा काळ असतो, पुढे वायूचा. यातला एक धोका लक्षात ठेवायला हवा. ड्रिलिंग मडमध्ये डिझेल किंवा तत्सम तेल वापरलेलं असेल तर S1 फुगतो आणि गरीब खडक श्रीमंत दिसतो. म्हणून S1 मोठा असला तरी S2 पाहिल्याशिवाय कुठल्याही खडकाला मातृखडक म्हणू नये.

पन्नाच्या चिखलावर पुढे कोट्यवधी वर्षं चुनखडक आणि शेलचे थर साचत गेले, आणि तो खोल जात गेला. तळघरात जावं तशी थंडी तिथे मिळत नाही, खोलीबरोबर तापमान वाढतं. जगातल्या बऱ्याच गाळाच्या खोऱ्यांत ही वाढ किलोमीटरमागे २५ ते ३० अंश सेल्सियस असते, मुंबईसमोर ती त्याहून जास्त आहे. साधारण ६० अंशांवर केरोजेनचे लांब रेणू तुटू लागतात. १०० अंशांच्या आसपास काम जोरात चालतं, आणि १३०-१५० च्या पुढे तयार तेलच मोडून वायू होऊ लागतो. वेळ आणि तापमान एकमेकांची भरपाई करू शकतात, पण सारखी नाही. वेळ दुप्पट झाल्याने जेवढा फरक पडतो तेवढा तापमान दहाएक अंशांनी वाढल्यावर पडतो, असा एक ढोबळ अंदाज भूवैज्ञानिक वापरत आले आहेत. त्यामुळे खोलगट भागातला पन्ना पिकला, तर त्याच वयाचा, पण उंचवट्याच्या बाजूवर कमी खोलीवर असलेला पन्ना मागे राहिला. एकाच थराची अशी दोन वेगळी नशिबं असतात, आणि नकाशावर पिकलेला भाग वेगळा रंगवावा लागतो. त्या रंगवलेल्या भागालाच तेलाचं स्वयंपाकघर म्हणण्याची पद्धत आहे.

आता तेल तयार झालं, पण ते शेलमध्ये आहे. शेलमधल्या छिद्रांची तोंडं मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या हिशेबातली. त्यातून थेंब बाहेर पडणार कसा? केरोजेन मोडून द्रव आणि वायू झाला की त्यांचं आकारमान मूळ घन पदार्थापेक्षा वाढतं. वरून गाळाचा भार वाढतच असतो आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. आतला दाब चढत जातो, आणि एका हद्दीनंतर शेलला केसाएवढ्या सूक्ष्म भेगा पडतात. तेल आणि वायू त्यांतून बाहेर पडतात, दाब उतरतो, भेगा मिटतात, आणि मग पुन्हा तेच चक्र. या पहिल्या स्थलांतरात बराच माल शेलमध्येच अडकून राहतो. अमेरिकेत आज शेलमधून थेट तेल काढतात ते हेच मागे राहिलेलं.

शेलबाहेर आल्यावर गोष्ट सोपी होते, कारण आता दोनच बळं लढतात. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर जाऊ पाहतं. खडकाची छिद्रं पाण्याने भिजलेली असतात, म्हणून पृष्ठताण त्याला छिद्राच्या गळ्यात अडवतो. हे गणित एका ओळीत लिहिता येतं:

h = 2γ cosθ / (r Δρ g)

h म्हणजे गळ्यातून पुढे घुसण्यासाठी लागणारी तेलाच्या सलग स्तंभाची उंची, γ तेल आणि पाण्यामधला पृष्ठताण, r गळ्याची त्रिज्या, Δρ पाणी आणि तेलाच्या घनतेतला फरक, g गुरुत्वत्वरण. θ हा भिजण्याचा कोन. खडक पाण्याने पूर्ण भिजलेला धरला तर cosθ एक. समजा पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर, खाऱ्या पाण्याची घनता १०३० आणि खोल जमिनीतल्या तेलाची ७५० किलोग्रॅम प्रति घनमीटर. चांगल्या वाळूखडकात गळ्याची त्रिज्या ५ मायक्रोमीटर असेल तर अडथळा १२ हजार पास्कलचा, आणि तो ओलांडायला साडेचार मीटरचा स्तंभ पुरतो. घट्ट चुनखडकात त्रिज्या ०.५ मायक्रोमीटर असेल तर ४४ मीटर लागतात. शेलमध्ये ०.०५ मायक्रोमीटर असेल तर ४४० मीटरच्या आसपास.

या तीन आकड्यांत तेलाच्या दुसऱ्या स्थलांतराचं सगळं वागणं आहे. एकटा थेंब कुठेच जात नाही. थेंब जुळून सलग धागा होतो, त्याला काही मीटर उंची आली की तो पुढे सरकतो, आणि जिथे गळे रुंद आहेत तीच वाट पकडतो. संपूर्ण थर भरून तेल वाहत नाही. ते बहुतेक वेळा थराच्या छताला चिकटून, अगदी पातळ धारेने जातं. म्हणूनच वाटेवरच्या थरात भोक पाडलं तर तेल सापडेलच असं नसतं, जरी त्याच थरातून लाखो टन तेल गेलेलं असलं तरी.

मुंबई हायच्या बाबतीत वाट दोन प्रकारची होती. पन्नाच्या तळाशी आणि आतमध्ये वाळूचे थर आहेत. त्यांतून तेल खोलगट भागाकडून उंचवट्याच्या उताराने वर चढलं. पण एल-तीनपर्यंत जायला मधले कितीतरी थर, त्यांतले काही शेलचे, ओलांडायचे होते. तिथे पायापासून वर आलेले विभंग कामी आले, विशेषतः उंचवट्याच्या पूर्व बाजूचा मोठा विभंग. विभंग म्हणजे तेलाची शिडीच असं मात्र समजू नये. विभंगात शेलचा चिखल घासला गेला असेल तर तोच भिंत होऊन तेल अडवतो. एकच विभंग एका खोलीवर दार आणि दुसऱ्या खोलीवर भिंत असू शकतो. विभंगाच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींत दाब आणि तेल-पाणी सीमा वेगवेगळ्या निघाल्या तर भिंत, सारख्या निघाल्या तर बहुधा दार.

एल-तीन हा चुनखडक तेलाला जागा देतो ती कशामुळे? मायोसीन काळात मुंबई हाय हा उथळ, ऊबदार समुद्रातला विस्तीर्ण मंच होता. किनाऱ्यावरून येणारा चिखल तिथे कमी पोहोचायचा, म्हणून चुन्याचे कवच बनवणारे जीव वाढले. पण नुसत्या चुन्याच्या चिखलात मोकळी जागा थोडी. समुद्राची पातळी मधूनमधून खाली गेली, मंच उघडा पडला आणि पावसाच्या गोड्या पाण्याने चुना विरघळवून पोकळ्या पाडल्या. समुद्र पुन्हा चढला की वर नवा थर. म्हणून एल-तीन हा एकसंध दगड नाही. सच्छिद्र चुनखडकाचे अनेक थर आणि त्यांच्यामध्ये घट्ट चुनखडक व शेलच्या पातळ पट्ट्या असा तो आहे. सच्छिद्रता म्हणजे किती मावेल आणि पार्यता म्हणजे किती सहज वाहील, हे चुनखडकात एकमेकांशी फारसं जुळत नाही. मोठ्या पण सुट्या पोकळ्यांचा थर भरपूर तेल धरतो आणि देत काहीच नाही.

आता सापळा. पालथं घमेलं पाण्यात बुडवलं आणि खालून हवेचे बुडबुडे सोडले, तर हवा वर अडकते. घमेल्याची कड जिथे सर्वांत वर आहे तिथपर्यंत पाण्याची पातळी खाली ढकलली गेली की पुढची हवा कडेवरून निसटते. मुंबई हायचा घुमट असाच अडवतो, फक्त तो सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद आहे. कडेच्या त्या सर्वांत उंच जागेला स्पिल पॉइंट म्हणतात. संरचना कितीही मोठी असली तरी साठा स्पिल पॉइंटच्या वरच्या भागापुरताच, आणि तोही पूर्ण भरेलच असं नाही.

भूकंपलहरींच्या चित्रात घुमट सगळ्यांना दिसतो, म्हणून सापळ्याची चर्चा घुमटावरच अडकते. माझ्या मते खरी परीक्षा झाकणाची असते. मघाच्या हिशेबाप्रमाणे ०.०५ मायक्रोमीटर गळ्यांचा शेल तेलाचा चारशे मीटरहून जास्त उंच स्तंभ पेलतो. तोच शेल वायूसाठी मोजून पाहा. वायूचा पृष्ठताण जास्त, समजा ०.०५, पण घनतेतला फरक ९३० पर्यंत जातो. उत्तर येतं सुमारे २२० मीटर. म्हणजे जे झाकण तेलाला पुरून उरतं ते वायूच्या बाबतीत अर्ध्यावर हात टेकतं. मुंबई हायमध्ये एल-तीनच्या माथ्यावर वायूची टोपी आहे, त्याखाली तेल, त्याखाली पाणी. झाकणावर थेट दाब देतो तो वायू. त्यामुळे झाकण पुरेसं आहे का, हा हिशेब वायू आणि तेल दोघांची उंची धरून करावा लागतो. झाकणाला भेग असेल तर हे सगळं गणित बाजूला पडतं.

वायू येण्याचा क्रमही काही सांगतो. खोऱ्यातला मातृखडक आधी तेल देतो, मग आणखी खोल गेल्यावर वायू. तेलाने भरलेल्या घुमटात नंतर वायू शिरला तर तो माथा बळकावतो, तेलाला खाली ढकलतो आणि तेल स्पिल पॉइंटवरून पुढच्या, अधिक उंचावरच्या घुमटाकडे जातं. कॅनडाचे भूवैज्ञानिक गसो यांनी १९५४ मध्ये हे मांडलं. त्यामुळे एकाच वाटेवर खोलगट भागाच्या जवळचा सापळा वायूने आणि दूरचा, उंचावरचा सापळा तेलाने भरलेला सापडला, तर चकित होण्याचं कारण नाही.

क्रम चुकला तर सगळं चांगलं असूनही विहीर कोरडी जाते. झाकणाचा शेल तेल निघून गेल्यावर साचला, किंवा घुमट उशिरा उचलला गेला, तर तेल समुद्रतळातून कधीच निसटलेलं असतं. मुंबई हायमध्ये क्रम जुळला. एल-तीन आणि त्यावरचे शेल मायोसीनमध्ये साचले, आणि खोलगट भागातला पन्ना पिकून भरपूर तेल सोडू लागला तो त्यानंतरच्या काळात. कोरडी विहीर हाती आली तर भूवैज्ञानिक कटिंग्जवर अतिनील प्रकाश टाकून पाहतो. सच्छिद्र खडकात चकाकी अजिबात नाही, म्हणजे तेल इथवर आलंच नाही, वाट किंवा स्वयंपाकघर चुकलं. चकाकी आहे, पण चाचणीत फक्त पाणी, म्हणजे तेल आलं होतं आणि गळून गेलं. मागे राहिलं ते छिद्रांत अडकलेलं. चकाकी आहे, खडक घट्ट, आणि काहीच वाहत नाही, म्हणजे साठवणीचा प्रश्न. या तीन उत्तरांवरून पुढची विहीर कुठे घ्यायची ते वेगवेगळं ठरतं, म्हणून कोरडी विहीर नीट वाचणं हे तिच्या खर्चाइतकंच मोलाचं आहे.

एल-तीनचे थर पुढे उत्पादनाच्या काळातही बोलत राहिले. तेल काढताना साठ्यातला दाब पडू लागला, म्हणून ऐंशीच्या दशकात समुद्राचं पाणी आत सोडायला सुरुवात झाली. पाणी सगळ्या थरांतून सारखं पुढे गेलं असतं तर काम सोपं होतं. ते जास्त पार्यतेच्या थरांतून धावतं आणि विहिरीत लवकर पोहोचतं, शेजारच्या थरातलं तेल तसंच मागे राहतं. जन्मापासून सापळ्यापर्यंत तेलाने जी रुंद वाट निवडली, तीच वाट पाणीही निवडतं.

आणि मुंबई हायची सर्वांत विलक्षण बाब तर एल-तीनच्याही खाली आहे. तिथे उंचवट्याच्या पायाच्या खडकात, बेसाल्टमध्ये आणि ग्रॅनाइट-नाइसमध्ये, तेल सापडलं आहे. अग्निज आणि रूपांतरित दगडात तेल, आणि तेही गाळाच्या थरांखाली, हे ऐकून तेल खाली उतरलं असं वाटतं. प्रत्यक्षात पाया उंचवट्याच्या माथ्यावर आहे, आणि पिकलेला पन्ना बाजूच्या खोलगट भागात त्याहून बराच खोल. तेल तिथून उताराने चढत आलं आणि पायाच्या भेगांत व झिजून भुसभुशीत झालेल्या वरच्या पट्ट्यात शिरलं. ते वरच गेलं, फक्त एकाच विहिरीत वरून खाली पाहिलं की उलटं वाटतं. असा साठा हाताळताना भेगा शोधाव्या लागतात, घुमट पुरत नाही. न झिजलेल्या दगडाच्या अंगात जागा जवळजवळ नसते, तिथे तेल भेगांतच असतं. त्यामुळे विहीर भेगांच्या जाळ्याला लागली तर सुरुवातीला जोरात वाहते आणि मग झपाट्याने मंदावू शकते, आणि काही अंतरावरची दुसरी विहीर, त्याच खोलीवर, त्याच दगडात, कोरडी निघू शकते.